फेरिक क्लोराईडचं द्रावण आम्लधर्मी का असतं? उत्तर लिहिताना आणि प्रॅक्टिकल करताना या चुका टाळा

फेरिक क्लोराईडच्या द्रावणात निळा लिटमस बुडवला की तो लाल होतो, हे पीयूसीच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं. पण ‘का?’ असं विचारलं की उत्तरं भरकटतात. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून बेळगावला शिकायला येणारी आपली बरीच मुलं दहावीपर्यंत आम्ल, आम्लारी, क्षार हे सगळं मराठीत शिकतात. मग पीयूसीला तोच धडा इंग्रजीत येतो, आणि मधल्या घाईत एक वाक्य तेवढं पाठ होऊन राहतं: ‘तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लारी यांचा क्षार म्हणून द्रावण आम्लधर्मी.’ वाक्य चूक नाही. लिटमस कुठल्या रंगाकडे जाईल हे त्यावरून बरोबर सांगता येतं. पण द्रावणात हायड्रोजन आयन नेमका कुठून आला, हे त्या वाक्यातून कळत नाही, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

दोष क्लोराईडवर ढकलू नका

सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे, ‘सर, त्यात क्लोराईड आहे, पाण्याशी मिळून हायड्रोक्लोरिक ॲसिड होतंय की.’ ऐकायला ते पटतं, पण तीन परीक्षानळ्यांत ते तपासून बघता येतं. एका नळीत मिठाचं द्रावण घ्या, दुसरीत फेरिक क्लोराईडचं आणि तिसरीत फेरिक नायट्रेटचं. तिन्ही द्रावणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये ताजी करा. प्रयोगशाळेतलं बाटलीतलं फेरिक क्लोराईड इथे चालणार नाही, कारण ते टिकावं म्हणून त्यात बहुधा आधीच ॲसिड घातलेलं असतं.

मिठाच्या द्रावणात क्लोराईड भरपूर आहे, तरी निळा लिटमस निळाच राहतो. फेरिक नायट्रेटमध्ये क्लोराईडचा कणही नाही, तरी लिटमस लाल होतो. म्हणजे आम्लता आणणारा क्लोराईड नाही, लोह आहे. क्लोराईड आणि नायट्रेट ही तीव्र आम्लांची उरलेली टोकं आहेत. पाण्यात त्यांना हायड्रोजन आयन परत घ्यायची इच्छा जवळजवळ नसतेच, म्हणून ती बाजूला राहतात.

आता खरा प्रश्न समोर येतो. लोहाच्या आयनात हायड्रोजन नाही. मग लोह हायड्रोजन आयन देणार कुठून?

Fe³⁺ उघडा लिहून थांबू नका

पाण्यात Fe³⁺ कधीच उघडा नसतो. त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू अष्टफलकाच्या सहा टोकांवर बसलेले असतात. प्रत्येक रेणू आपल्या ऑक्सिजनवरची इलेक्ट्रॉनची एकेक जोडी लोहाला देतो. हा सगळा संच मिळून एकच आयन होतो:

[Fe(H₂O)₆]³⁺

यालाच ॲक्वा आयन म्हणतात. द्रावणातलं आम्ल म्हणजे हा आयन. जो हायड्रोजन बाहेर पडतो तो लोहाला चिकटलेल्या या पाण्याचा असतो.

तो सुटतो कसा, हे नीट पाहा, कारण सगळा विषय या एका पायरीत आहे. लोहावर तीन धन प्रभार आहेत आणि आयन आकाराने लहान आहे, त्रिज्या साधारण ६५ पिकोमीटर. इतक्या लहान जागेत इतका प्रभार असल्यामुळे तो ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन जोरात आपल्याकडे ओढतो. ऑक्सिजनकडचे इलेक्ट्रॉन लोहाकडे सरकले की ऑक्सिजन आपली तूट भरून काढायला हायड्रोजनसोबतच्या बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो. त्यामुळे ऑक्सिजन-हायड्रोजन बंध सैल होतो आणि हायड्रोजन नेहमीच्या पाण्यापेक्षा जास्त धन होतो. शेजारून जाणारा मोकळ्या पाण्याचा रेणू त्याला सहज उचलून नेतो, आणि यालाच जलापघटन म्हणतात:

[Fe(H₂O)₆]³⁺ + H₂O ⇌ [Fe(H₂O)₅(OH)]²⁺ + H₃O⁺

या समीकरणात दोन पाणी आहेत आणि दोघांची कामं वेगळी आहेत. लोहाला चिकटलेलं पाणी हायड्रोजन आयन देतं, म्हणजे ते आम्लाचं काम करतं. बाहेरचं पाणी तो घेतं, म्हणजे ते आम्लारीचं काम करतं. बाहेरच्या पाण्याचा रेणू स्वतःहून फुटतो आणि त्यातला OH⁻ लोह पकडतं, असंही काही मुलं लिहितात. हिशेब शेवटी तोच येतो, पण तसं लिहिलं की परीक्षक पुढचा प्रश्न विचारतोच: मग सोडियम का पकडत नाही? चिकटलेल्या पाण्याचं चित्र डोळ्यासमोर असेल तर त्याचं उत्तरही तिथेच आहे. सोडियमवर एकच प्रभार आणि आयन मोठा, म्हणून त्याला चिकटलेल्या पाण्यावर ओढ अगदी कमी.

या समीकरणात एक गुण हमखास जातो तो प्रभारामुळे. H⁺ गेला की संचाचा प्रभार तीनवरून दोनवर येतो. पुष्कळ वह्यांत उजवीकडेही ३+ तसाच राहिलेला दिसतो. आणखी एक: लोहाची ऑक्सिडेशन अवस्था बदललेली नाही. ती आधीही तीन होती, आताही तीनच आहे. ‘Fe³⁺ चा Fe²⁺ झाला’ असं लिहिलंत तर ते क्षपण झालं, आणि इथे इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण झालेलीच नाही.

पूर्ण बाण मारून Fe(OH)₃ लिहू नका

हे समीकरण तुम्ही नक्की पाहिलं असेल:

FeCl₃ + 3H₂O → Fe(OH)₃ + 3HCl

ते आलं कुठून, तेही सांगतो. उकळत्या पाण्यात फेरिक क्लोराईडचे थेंब सोडले की लालसर तपकिरी कलिल तयार होतं. त्या प्रयोगासाठी हे समीकरण ठीक आहे, कारण उष्णतेने आणि खूप पाण्याने क्रिया पुढे रेटली जाते. पण गार पाण्यातल्या साध्या द्रावणाची आम्लता सांगायला मुलं तेच उचलून लिहितात, आणि ते तिथे लागू पडत नाही. तीन HCl होत असतील तर ०.१ मोलार द्रावणात हायड्रोजन आयनांची संहती ०.३ मोलार झाली असती, पीएच ०.५ च्या आसपास आला असता, आणि लोहाचा कण न कण तपकिरी साक्यात उतरला असता. नुसत्या गार पाण्यात ताज्या केलेल्या द्रावणात काय दिसतं? पिवळसर, स्वच्छ, आरपार दिसणारं द्रावण. साका नाही. म्हणजे क्रिया पूर्ण झालेलीच नाही. ती पहिल्या पायरीवर, तीही अर्धवट, समतोलात थांबलेली आहे.

किती अर्धवट, ते मोजू. त्यासाठी फेरिक नायट्रेट घेऊ, कारण क्लोराईड स्वतः लोहाला चिकटून हिशेबात गोंधळ घालतो. २५ अंश सेल्सिअसला या ॲक्वा आयनाचा पीकेए साधारण २.२ आहे, म्हणजे Ka सुमारे ०.००६३. संहती ०.१ मोलार धरा आणि त्यातला x मोलार भाग हायड्रोजन आयन सोडतो असं माना:

x² ÷ (०.१ − x) = ०.००६३

इथे मुलांचा हात आपोआप सवयीच्या मार्गाने जातो. ‘सौम्य आम्ल आहे, x लहान, छेदातला x सोडून द्या.’ तसं केलं तर x येतो ०.०२५ आणि पीएच १.६०. छेदातला x न सोडता वर्गसमीकरण सोडवलं तर:

x² + ०.००६३x − ०.०००६३ = ०
x = ०.०२२
पीएच = १.६५

फरक किरकोळ दिसतो, म्हणून सवय सुटत नाही. आता तेच द्रावण दहापट पातळ करा, ०.०१ मोलार. सोप्या रीतीने x येतो ०.००७९, म्हणजे शंभरातले ७९ आयन फुटले, पीएच २.१०. वर्गसमीकरणाने x येतो ०.००५४, म्हणजे शंभरातले ५४, पीएच २.२७. इथे सोपी रीत सरळ सरळ चुकली. x मूळ संहतीच्या पाच टक्क्यांपेक्षा मोठा आला की तो छेदातून काढून टाकायचा नाही, हा नियम ॲसेटिक ॲसिडच्या गणितात क्वचितच लागतो, पण आयर्न थ्रीच्या, म्हणजे Fe³⁺ च्या, प्रत्येक गणितात लागतो.

याच आकड्यांतून आणखी एक गैरसमज दूर होतो. पाणी वाढवलं तेव्हा फुटलेल्या आयनांचं प्रमाण शंभरात २२ वरून ५४ वर गेलं, तरी पीएच वाढला, म्हणजे आम्लता कमी झाली. ‘जास्त जलापघटन झालं म्हणजे जास्त आम्लधर्मी’ असं घाईने लिहू नका. प्रमाण वाढतं, पण एकूण संहती त्याहून वेगाने घटते.

तुलनेसाठी, ०.१ मोलार ॲसेटिक ॲसिडचा पीएच २.९ च्या आसपास असतो. म्हणजे त्याच संहतीचं आयर्न थ्रीचं द्रावण व्हिनेगरमधल्या आम्लापेक्षा बरंच तीव्र आहे. ‘क्षार आहे, किंचित आम्लधर्मी असणार’ असं समजून ते हाताने हाताळू नका. कातडी आणि कपडे दोन्ही डागाळतात, आणि लोखंडी स्टँडवर थेंब पडला की तो खातो.

पीएच मीटरवर तुम्हाला १.६५ च येईल असं मात्र नाही. द्रावणात इतर आयन भरपूर असल्याने स्थिरांक थोडा सरकतो, आणि दोन लोह आयन OH मधून जोडले जाऊन जोड्याही बनतात. त्या या हिशेबात धरलेल्या नाहीत. १.५ ते १.८ च्या दरम्यान काही आलं तर तुमचं द्रावण ठीक आहे. ०.५ किंवा ३ आला, तर आधी बाटलीत ॲसिड घातलेलं होतं का आणि मीटर बफरने जुळवला होता का, ते पाहा.

पिवळा रंग म्हणजे Fe³⁺ चा रंग, असं समजू नका

‘Fe³⁺ पिवळा, Fe²⁺ हिरवा’ हे क्षारविश्लेषणाच्या तक्त्यात असतं आणि तिथे ते उपयोगी आहे. पण [Fe(H₂O)₆]³⁺ स्वतः जवळजवळ रंगहीन, अगदी फिकट जांभळा असतो. फेरिक नायट्रेटचे किंवा फेरिक अलमचे स्फटिक पांढऱ्या कागदावर उजेडात धरून पाहा, तो फिकट जांभळा रंग तिथे दिसतो. तेच स्फटिक पाण्यात टाकले की द्रावण पिवळं-तपकिरी होतं. स्फटिकात सहा पाणी शाबूत होती. पाण्यात पडल्यावर त्यातल्या काहींनी हायड्रोजन सोडला, आणि तयार झालेला OH असलेला आयन पिवळा दिसतो. म्हणजे तो पिवळा रंग हीच जलापघटनाची डोळ्यांना दिसणारी खूण आहे.

याची खात्री करायची तर पिवळ्या फेरिक नायट्रेटच्या द्रावणात संहत नायट्रिक ॲसिड थेंब थेंब टाकत जा, नळी हलवत राहा. पिवळा रंग फिका होत होत जवळजवळ नाहीसा होतो. हायड्रोजन आयन वाढले, समतोल डावीकडे ढकलला गेला, OH चं परत पाणी झालं. मग पाणी घालून पातळ केलंत तर पिवळेपणा परत येऊ लागतो.

इथे होणारी चूक म्हणजे हाच प्रयोग फेरिक क्लोराईड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड घेऊन करणं. मुलं ॲसिड घालतात, रंग जायच्याऐवजी आणखी गडद पिवळा होतो, आणि ‘सर, उलटं झालं’ म्हणून येतात. उलटं काही झालेलं नाही. जादा क्लोराईड आयन पाण्याला हटवून स्वतः लोहाला चिकटतात, आणि क्लोराईड चिकटलेले संच पिवळे असतात. ती वेगळी क्रिया आहे. आम्लतेबद्दल काही दाखवायचं असेल तर नायट्रेट आणि नायट्रिक ॲसिड हीच जोडी घ्या.

‘न्यूट्रल फेरिक क्लोराईड’ म्हणजे पीएच ७ नव्हे

ऑरगॅनिक प्रॅक्टिकलमध्ये सर्वांत जास्त परीक्षानळ्या इथे वाया जातात. फिनॉलच्या चाचणीत न्यूट्रल फेरिक क्लोराईड घातल्यावर जांभळा रंग यायला हवा. काहींना तो येतच नाही, काहींच्या नळीत तपकिरी गाळ बसतो. दोन्ही वेळा दोष बहुधा फिनॉलचा नसतो, फेरिक क्लोराईड कसं ‘न्यूट्रल’ केलं त्याचा असतो.

कपाटातल्या बाटलीत जलापघटन होऊन गाळ बसू नये म्हणून हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलेलं असतं. ते जादा ॲसिड तेवढं काढायचं असतं. एका स्वच्छ नळीत दोनेक मिलिलिटर फेरिक क्लोराईड घ्या आणि विरल अमोनियम हायड्रॉक्साईड ड्रॉपरने एकेक थेंब सोडा. थेंब पडतो तिथे तपकिरी साका दिसतो आणि नळी हलवली की विरघळून जातो. हे काही थेंबांपर्यंत चालतं. द्रावणाचा रंग हळूहळू पिवळ्यावरून लालसर तपकिरीकडे जातो. मग एक थेंब असा येतो की हलवूनही किंचित गढूळपणा राहतो. तिथे थांबा. गाळून घ्या. खाली येणारं स्वच्छ, गाळलेलं द्रावण म्हणजे तुमचं न्यूट्रल फेरिक क्लोराईड.

पुष्कळ मुलं मात्र थांबत नाहीत. हातात लिटमस घेऊन बसतात. ‘न्यूट्रल म्हणजे सात की हो सर, लिटमस अजून लालच होतंय.’ आणि अमोनिया ओतत राहतात, शेवटी नळीभर तपकिरी चिखल होतो आणि वर राहिलेल्या पाण्यात लोह उरतच नाही. लिटमस लाल होणारच, कारण जादा ॲसिड काढल्यावरही [Fe(H₂O)₆]³⁺ तिथे आहे आणि तो स्वतःच आम्ल आहे. त्याची आम्लता पूर्ण मारायची म्हणजे त्याचे एकामागून एक तीन हायड्रोजन काढायचे, आणि तीन काढले की प्रभार शून्य होतो, तो पाण्यात राहत नाही, साका होऊन बसतो. फेरिक हायड्रॉक्साईडचा विद्राव्यता गुणाकार सुमारे १०⁻³⁸ धरला तर पीएच ७ ला द्रावणात राहू शकणारा मोकळा Fe³⁺ फक्त १०⁻¹⁷ मोलार येतो. म्हणजे पीएच ७ चं फेरिक क्लोराईडचं द्रावण अशी वस्तूच नाही. ‘न्यूट्रल’ म्हणजे इथे ‘वरून घातलेलं ॲसिड नसलेलं’ एवढंच.

आता दोन दोष नळीकडे पाहून ओळखा. रंग पिवळाच राहिला, जांभळा आलाच नाही, तर ॲसिड जास्त राहिलंय. फिनॉलला लोहाशी बांधलं जाण्याआधी आपला हायड्रोजन सोडावा लागतो, आणि द्रावणात आधीच हायड्रोजन आयनांची गर्दी असेल तर तो सोडत नाही. तपकिरी गाळ आला तर अमोनिया जास्त झालाय किंवा गाळणं राहिलंय. त्यातच आणखी फिनॉल घालून काही उपयोग नाही. फेरिक क्लोराईड नव्याने करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

बाटली करतानाही क्रम पाळा. ०.१ मोलार द्रावणाला एक लिटरमागे षट्जल फेरिक क्लोराईड सुमारे २७ ग्रॅम लागतं. आधी पाण्यात थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड मिसळा, मग क्षार टाका, मग पाणी घालून एक लिटर करा. क्षार नुसत्या पाण्यात टाकून लवकर विरघळावा म्हणून गरम केला तर गढूळपणा येतो, आणि तो एकदा जुना झाला की नंतर ॲसिड घातलं तरी लवकर जात नाही.

फेरिक कार्बोनेट मागू नका

‘फेरिक क्लोराईडमध्ये सोडियम कार्बोनेट घातल्यावर काय होईल?’ या प्रश्नाला Fe₂(CO₃)₃ चा साका असं उत्तर येतं. असा साका मिळत नाही. नळीत फसफस होते, कार्बन डायऑक्साईड निघतो आणि तपकिरी हायड्रॉक्साईड खाली बसतं:

2[Fe(H₂O)₆]³⁺ + 3CO₃²⁻ → 2[Fe(H₂O)₃(OH)₃] + 3CO₂ + 3H₂O

कार्बोनेट इथे लोहाशी जोडलं जाण्याआधीच ॲक्वा आयनाचे हायड्रोजन घेऊन फुटतं. आम्ल आणि कार्बोनेटची ही नेहमीचीच क्रिया आहे, फक्त आम्ल कुठल्या बाटलीत आहे ते चटकन ओळखू येत नाही.

हीच चाचणी ताज्या फेरस सल्फेटवर करून पाहा. फसफस होत नाही, फिकट हिरवट साका येतो, तो फेरस कार्बोनेट. Fe²⁺ वर प्रभार दोन आणि आकार मोठा, त्रिज्या सुमारे ७८ पिकोमीटर, म्हणून त्याला चिकटलेलं पाणी हायड्रोजन फारसं सोडत नाही. त्याच्या ॲक्वा आयनाचा पीकेए ९.५ च्या आसपास आहे. आयर्न थ्रीशी तुलना केली तर Ka मध्ये एक कोटीपटीहून जास्त फरक पडतो. ‘लोह ते लोहच’ असं धरून दोघांना एकच उत्तर लिहिणं ही म्हणूनच मोठी चूक. फक्त फेरस सल्फेट ताजं हवं आणि स्फटिक हिरवे हवेत. वर पिवळट-तपकिरी पूड धरली असेल तर हवेने त्यातलं काही लोह आयर्न थ्री झालेलं असतं, आणि मग त्या द्रावणाचा साका मळकट तपकिरी येऊ लागतो.

खानापूरची लाल माती घेऊन लिटमस लावू नका

विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रयोग मुलं उत्साहाने आणतात. खानापूर तालुक्यातली, जांबा दगडाच्या पट्ट्यातली लाल माती पाण्यात ढवळायची, ‘यात आयर्न थ्री आहे’ म्हणून लिटमस बुडवायचा. लाल रंग आयर्न थ्रीचाच, हे खरं. पण ते लोह पाण्यात नाहीच. ते ऑक्साईड आणि हायड्रॉक्साईडच्या रूपात घट्ट बसलेलं आहे. आपण वर ज्या पायऱ्या पाहिल्या त्या सगळ्या पार करून, सगळे सोडता येणारे हायड्रोजन देऊन, ते तिथे उरलंय. ज्याला चिकटलेलं पाणी मोकळ्या द्रावणात फिरतच नाही, तो ॲक्वा आयन नाही, आणि म्हणून आम्लही नाही. मातीतलं पाणी गाळून पोटॅशियम थायोसायनेट घातलं तर आयर्न थ्रीचा रक्तासारखा लाल रंग दिसायला हवा. तो सहसा दिसत नाही, आणि प्रदर्शनात दाखवण्यासारखा मुद्दा तोच आहे.

तरीही सह्याद्रीच्या बाजूच्या जास्त पावसाच्या भागातली माती आम्लधर्मी निघते, हे पाहून गोंधळू नका. तिथे काम करतो तो मुख्यतः ॲल्युमिनियम. पाऊस कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो, आणि पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की मातीच्या कणांवर Al³⁺ जागा घेतो. त्याचाही ॲक्वा आयन आहे, [Al(H₂O)₆]³⁺, पीकेए ५ च्या आसपास. आयर्न थ्रीपेक्षा तो सौम्य आम्ल आहे, पण त्यामुळेच लोह साका होऊन बसलेलं असतानाही या पीएचला तो काही प्रमाणात आयन म्हणून टिकतो आणि हायड्रोजन सोडत राहतो. शेतात चुना टाकतात तेव्हा पीएच वाढून हाच ॲल्युमिनियम हायड्रॉक्साईड होऊन बसतो. त्यामुळे प्रदर्शनाच्या तक्त्यावर मातीच्या आम्लतेचं कारण लिहायचं असेल तर तिथे लाल रंगाकडे बघून लोहाचं नाव लिहू नका, ॲल्युमिनियमचं लिहा. आणि ॲक्वा आयनाची आम्लता नळीत दाखवायची असेल तर फेरिक नायट्रेटचे ताजे स्फटिक, डिस्टिल्ड वॉटर आणि निळा लिटमस एवढं पुरतं.